खिडकीतल्या एका झाडावर कविता

"झाड तर रोज तेच असतं, मग त्यावर कविता लिहायची कशी? माझ्याकडून नुसतं 'हिरवंगार, डौलदार, शांत' एवढंच लिहिलं जातं."

माझ्या खिडकीसमोर पिंपळ आहे आणि त्याच्यावरची माझी पहिली कविता अगदी अशीच होती. डौलदार पिंपळ, मायेची सावली, सळसळणारी पानं. एकदा सहज म्हणून त्यात 'पिंपळ' खोडून 'आंबा' लिहिलं, तर कवितेत काहीच बिघडलं नाही, मग 'वड' लिहिलं, तरी नाही. तेव्हा कळलं की मी झाडाकडे बघितलंच नव्हतं, झाडांबद्दल आधी वाचलेलं आठवून लिहिलं होतं. ही टेस्ट मी आजही प्रत्येक ओळीला लावते, दुसऱ्या झाडाला चालली की ओळ गेली.

मग एक वही केली. रोज सकाळी दहा मिनिटं, त्याच खुर्चीत बसून, आणि आख्ख्या झाडाऐवजी खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारी एकच फांदी बघायची. आख्खं झाड बघायला गेलं की डोळा घसरतो आणि माणूस लगेच 'भव्य' वगैरे लिहायला लागतो. वहीत 'सुंदर', 'जणू', 'वाटलं' हे शब्द बंद, फक्त काय झालं ते लिहायचं. पहिले तीन दिवस एकच नोंद, 'पानं हलतायत'. कंटाळा आला, पण तो येऊ द्यायचा, कारण आपल्याला आधीपासून माहीत असलेलं सगळं संपलं की मगच डोळा कामाला लागतो.

चौथ्या दिवशी लिहिलं, 'पानं हलतायत, पण सगळी नाही.' आणि मग प्रश्नच सुरू झाले, कुठली हलतायत, पडदा हलतोय का, हातावर वारा लागतोय का? पडदा स्थिर होता, हाताला काही जाणवत नव्हतं, आणि तरी एक पान एकटंच झुलत होतं. का, ते देठ बघितल्यावर कळलं. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, रुंद पान त्याला लोंबतं, त्यामुळे आपल्याला कळणार नाही एवढ्या झुळकीनेही ते हलतं. आंब्याचं जाड, आखूड देठाचं पान असं करत नाही. म्हणजे आता ओळीत पिंपळच हवा होता, आणि त्यासाठी विशेषण एकही लागलं नव्हतं.

'सळसळ' पण अशीच गेली. खिडकी उघडून नीट ऐकलं तर पानांची टोकं एकमेकांवर आपटून टपटप आवाज येत होता, मी पाऊस आला की काय म्हणून एकदा उठले सुद्धा. ते उठणं वहीत आहे.

पंधरा दिवसांनी नोंदी भरपूर झाल्या आणि पुढची चूक तिथे झाली. मी त्या सगळ्या एकाखाली एक लावल्या, मुंग्या, कोवळी पानं, साल, आवाज, सगळंच. खरं होतं पण तो पंचनामा झाला. ओळींची अदलाबदल करून पाहिली, काही फरक पडेना, आणि पंचनामा ओळखायची माझी खूण हीच. म्हणून एकच सकाळ ठेवली आणि डोळा ज्या क्रमाने फिरला तोच क्रम ओळींना दिला.

पडदा स्थिर.
हातावर वारा नाही.
पिंपळाचं एक पान
देठापासून हलतंय,
शेजारचं नाही.
शेजारचं हललं तेव्हा
पहिलं थांबलं होतं.

शेवटी आधी 'जणू वाट बघत' असं होतं. ते काढलं, कारण पान थांबलेलं मी बघितलं होतं, वाट बघणं माझं होतं. 'शेजारचं नाही' ही ओळ वेगळी तोडली कारण तिथे माझी नजर खरंच एका पानावरून दुसऱ्यावर गेली होती, वाचणाऱ्याचीही तिथे जावी.

विशेषणं मी सरसकट हाकलत नाही हं. दुसऱ्या एका कवितेत 'तांबूस पान' आहे, कारण पिंपळाची कोवळी पालवी तांबूसच असते आणि त्या शब्दावरून पानाचं वय कळतं. 'नाजूक' म्हटलं असतं तर फक्त माझं लाडावणं कळलं असतं.

वरच्या कवितेत 'हातावर वारा नाही' हे अजून खटकतं मला. हाताची ती गोष्ट खरी आहे, पण तिथे नजर क्षणभर झाडावरून माझ्याकडे येते, आणि ओळ काढली तर पडदा एकटा पुरत नाही, खिडकी बंद असेल असं वाटतं. दोनदा काढून परत घातलीये. आता 'खिडकी उघडी. पडदा स्थिर.' असं करून बघतेय.