टोपण अण्णांच्या खिशात

आमच्या आवक-जावक टेबलाचे अण्णा 31 मेला निवृत्त झाले आणि भाषण माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "तीनच मिनिटं, पण लोक हसले पाहिजेत."

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला. त्यात ऑडिटच्या वेळी हरवलेल्या फायलीचा किस्सा होता, तो आठवला की आमची शाखा आजही पोट धरून हसते. बायकोला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "हे पाटणकर कोण? आणि फाईल माळ्यावर का गेली?" समजावून सांगायला मला चार मिनिटं लागली. समारंभाला अण्णांच्या घरचे पंधराजण येणार होते. ते आमची तोंडं बघत बसले असते. किस्सा काढला.

मग कागदावर फक्त एवढंच लिहिलं: अण्णांना पाच मिनिटं भेटलेल्या माणसाला काय दिसतं? उत्तर सोपं होतं. कोणी पेन मागितलं की अण्णा टोपण काढून खिशात ठेवतात आणि नुसतं पेन देतात. त्यामुळे पेन परत येतंच. यात कुणाची ओळख लागत नाही. "आता वहिनींच्या ताब्यात" वगैरे मी मुद्दाम टाळलं. ते प्रत्येक निरोपाला कोणीतरी म्हणतंच, आणि वहिनी बिचाऱ्या कसनुसं हसतात. अण्णांच्या मुलीला आधी फोन करून टोपणाचं बोललेलं चालेल ना, हेही विचारून घेतलं.

माझा नंबर सहावा होता. आधीच्या पाचहीजणांनी "शांत, मनमिळाऊ स्वभाव" सांगून झाला होता, आणि सगळ्यांचा डोळा वेफर्सच्या डिशकडे. मी म्हटलं, "अण्णांची जन्मतारीख 1 जून. म्हणजे ते 58 वर्षांचे झालेत, असं त्यांच्या शाळेतल्या गुरुजींचं मत आहे." मागच्या रांगेतले मामा सगळ्यात मोठ्यानं हसले, त्यांचीही 1 जूनच असणार. इथे मी घाई करून पुढचं वाक्य हशातच बोललो, ते वाया गेलं. पुढच्या वेळी थांबलो.

टोपणाची गोष्ट सांगितली तेव्हा मुलगी बसल्या जागेवरून ओरडली, "घरी टीव्हीच्या रिमोटचे सेलपण काढून ठेवतात!" माझ्या सगळ्या भाषणापेक्षा तिला जास्त हशा मिळाला. शेवटी मी एवढंच म्हटलं, की छत्तीस वर्षांत या टेबलावर आलेला कागद हरवला नाही, कारण अण्णांनी प्रत्येकाचं टोपण स्वतःकडे ठेवलं होतं. मग शाल-श्रीफळ झालं.

अण्णा बोलायला उठले. दोन वाक्यं बोलले, थांबले, खिसा चाचपला आणि माईकवरच म्हणाले, "सत्काराच्या वहीवर सही करायला माझं पेन कोणी नेलंय?"