ताईला पाठवलेला मेसेज, आणि हक्कसोडपत्राचा माझा अनुभव

(परवा ताईला पाठवलेला मेसेज आहे, तिला विचारूनच टाकतोय. आजोबांच्या घरातला माझा हिस्सा मी तिच्या नावे सोडला, त्याबद्दलचा. परदेशातून हक्कसोडपत्र करायचं असेल तर यातलं थोडंफार उपयोगी पडेल.)

ताई, काल तू फोनवर म्हणालीस, झालं एकदाचं, सुटले बाई. मिरजेच्या हेलपाट्यांचं मला माहितीये कारण तू प्रत्येक वेळी फोटो पाठवायचीस, पण इकडे डॅलसमध्ये मी काय घोळ घातला ते तुला कधी नीट सांगितलंच नाही.

पहिलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, मी नेटवरून उतरवलं. जनरल, त्यात "भारतातील माझी सर्व मिळकत" एवढंच, बघायचा आणि विकायचा अधिकार दिला आणि वाटलं यात सगळं आलं. बॅंकेतला नोटरी म्हणाला आम्ही मुखत्यारपत्रावर करत नाही, मग दुसरा शोधला. ते कागद घेऊन तू दुय्यम निबंधकाकडे गेलीस आणि परत आलीस, कारण आजोबांच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर त्यात नव्हता, हक्क सोडायचा अधिकार नव्हता आणि माझ्या वतीने दस्त सादर करून तो कबूल करायचाही नव्हता. विकणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं हे मला तेव्हा कळलं. दीड महिना गेला आणि तू एक शब्द बोलली नाहीस, "पुन्हा कर" एवढंच. त्याचंच जास्त वाईट वाटलं खरं तर.

आणि मी तर ते तुझ्याच नावाने केलं होतं! वकील म्हणाले, हक्क घेणारी तीच आणि सोडणाऱ्याच्या वतीने सही करणारीही तीच, उद्या कोणी बोट ठेवलं तर? मग आतेभावाला गळ घातली, बिचारा एका फोनवर तयार झाला.

दुसऱ्यांदा मसुदा वकिलांकडूनच मागवला. मिळकतीचं वर्णन प्रॉपर्टी कार्डावरून जसंच्या तसं, आणि वरचे तीनही अधिकार स्पष्ट लिहून. प्रत्येक पानावर सही, फोटो, अंगठा, सगळं नोटरीसमोर. मग तो मूळ कागद ऑस्टिनला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवला, 15 डॉलर फी, परतीचं पाकीट आपलंच. ते अपोस्टिल नावाचं एक पान जोडून देतात, म्हणजे या नोटरीची सही खरी आहे एवढाच दाखला. कागदात काय लिहिलंय ते खरं की खोटं हे त्यात कोणी बघत नाही हं.

तुला कुरियरचं पाकीट फेकू नकोस म्हणून मी तीनदा सांगितलं तेव्हा तू वैतागलीस. बाहेर केलेल्या कागदाला भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, आणि तो कधी पोचला याचा पुरावा त्या पाकिटावरच असतो. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसला तूच गेलीस, सांगलीला, आईला शेजारच्या काकूंकडे बसवून.

हक्कसोडपत्राला मुद्रांक 500 रुपयेच लागला, कारण घर वडिलोपार्जित आणि भाऊ बहिणीला मोबदला न घेता सोडतोय. ऑक्टोबर 2024 च्या आधी 200 होता म्हणे. हेच बक्षीसपत्र केलं असतं तर घराच्या किमतीवर टक्क्यांनी लागला असता.

नोंदणीच्या दिवशी तिकडे सकाळचे साडेदहा, इकडे मध्यरात्र. मी जागाच होतो. आतेभावाने त्याच्या घोषणापत्राचा फोटो पाठवला. त्यात लिहिलेलं की कुलमुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याने ते रद्द केलेलं नाही आणि तो मयत झालेला नाही. छापील मजकूर आहे, सगळ्यांच्याच दस्ताला लावतात, पण मी ते वाचून स्वयंपाकघरात उभाच राहिलो. बाबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी तू, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तू, घरपट्टी, गळकं छत, सगळं तू, आणि मी म्हणजे दर महिन्याला येणारे पैसे. तुझं काम मी जिवंत आहे एवढ्यावर चाललं होतं.

तू म्हणालीस मला नको तुझा हिस्सा, लोक म्हणतील बहिणीने लिहून घेतलं. म्हणू देत. उलट गावोगाव बहिणींकडून सह्या घेतात तेव्हा कोणी विचारतं का?

अजून प्रॉपर्टी कार्डावर फेरफार व्हायचाय. त्यासाठी नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत जोडून अर्ज करायचा, मग नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. नोटीस मलाही येईल, तुझ्याच पत्त्यावर. ती घे आणि ठेवून दे, माझी हरकत नाही. आणि आईच्या डोळ्यांची पुढची तपासणी डिसेंबरात ठेव, मी तीन आठवडे येतोय, तिला मी नेतो, तू त्या दिवशी झोप काढ.