लग्नपत्रिकांच्या मशीनवर छापलेला खेळ: आमची वाटचाल

आमचा छापखाना कराडचा. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि माझे दीर मिळून चालवतो. मूळ काम लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, दुकानांची बिलबुकं. २०२१ च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे एकही पत्रिका छापायला आली नाही आणि आर्ट कार्डाचे गठ्ठे तसेच पडून राहिले.

माझी मोठी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्या वर्षी मुलांचा वर्ग आईबापांच्या फोनवर भरायचा. त्यांच्या सहावीतल्या एका मुलानं गेममधले डायमंड फुकट मिळतील म्हणून आईच्या फोनवर आलेला ओटीपी कुणाला तरी सांगितला आणि खात्यातले पैसे गेले. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, मी त्याला महिन्याभरापूर्वी विचारलं होतं, ओटीपी कुणाला द्यायचा का? सगळ्यात मोठ्यानं 'नाही' त्यानंच म्हटलं होतं."

त्या वाक्यातून आमचा धंदा सुरू झाला. नियम त्या मुलाला पाठ होता. पण समोरच्यानं घाई केली तेव्हा नियम आठवायला त्याला उसंत मिळाली नाही. पोहायचे नियम पाठ करून पोहता येत नाही, तसंच हे. मुलांना ती घाई सुरक्षित जागी अनुभवायला द्यायची होती आणि त्यासाठी फोन नकोच होता, कारण फोन हातात आला की मूल खेळ सोडून फोनमध्येच शिरतं. पत्ते मात्र आम्हाला छापता येत होते.

पहिला संच चाळीस पत्त्यांचा केला. प्रत्येक पत्त्यावर एक निरोप, तो खरा की फसवा ते मुलांनी ओळखायचं. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा धरला तर बारा बाय अठरा इंची कागदावर वीस पत्ते बसतात, म्हणजे दोन कागदांत एक संच. तीनशे जीएसएमचं कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन, कोपरे गोल. मुलांच्या घामट हातात साधं कार्ड दोन दिवसांत वाकतं, म्हणून लॅमिनेशनवर आम्ही तडजोड केली नाही.

हिशोब सोयीचा व्हावा म्हणून खरे निरोप एका कागदावर घेतले आणि फसवे दुसऱ्या. मशीनवर दोन कागदांत निळ्या रंगाचा किंचित फरक पडला. तो मला डोळ्यांनी दिसलासुद्धा नव्हता. वन्संच्या वर्गात तिसऱ्या डावाला मुलं न वाचताच बरोबर उत्तरं द्यायला लागली. एका मुलीनं सांगितलं, "बाई, खोट्याची पाठ गडद आहे." तेव्हापासून प्रत्येक कागदावर दोन्ही प्रकार मिसळून लावतो. पण त्या मुलीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. आमच्या फसव्या पत्त्यांवर कवटीचं चित्र होतं, लाल चौकट होती, मजकुरात मुद्दाम अशुद्धलेखन केलं होतं. पत्ताच उत्तर सांगत होता. खरा फसवा निरोप असं काही सांगत नाही. आता तर असे निरोप अगदी शुद्ध भाषेत येतात, त्यामुळे 'चुका शोधा' हे शिकवणं मला धोक्याचंच वाटतं.

मग चित्रं, रंग, चौकटी सगळं काढलं आणि खेळ नव्यानं बांधला. त्याचं नाव 'निरोप'. आजही तोच खेळ चालतो, म्हणून तो कसा खेळतात ते नीट सांगते.

पाच मुलं लागतात. तिघांकडे प्रत्येकी चार पत्ते: आईचा नंबर, आईच्या फोनवर आलेला ओटीपी, स्वतःचा फोटो, घरचा पत्ता. चौथा निरोप्या. तो गड्डीतला निरोप वाचून त्यातली एक गोष्ट मागतो. पाचवा 'घर'. तो वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण दहा पावलांवर बसतो आणि त्याच्याकडे एक वही असते. कोणाचा नंबर कुठला, सहल खरंच आहे का, मामा आत्ता कुठे आहे, ते त्या वहीत लिहिलेलं असतं. निरोप वाचला की बाकीचा वर्ग मोठ्यानं वीसपासून उलटे अंक मोजतो. शून्याच्या आत मुलानं मागितलेला पत्ता द्यायचा, नाकारायचा, किंवा उठून घराकडे जाऊन विचारायचं.

गड्डीत खरे निरोपही हवेतच. सुरुवातीला ते फार थोडे होते, तेव्हा सगळ्याला 'नाही' म्हणणारं मूल हमखास जिंकायचं. ते मूल शिकत काहीच नव्हतं. आता बरोबर निम्मे निरोप खरे असतात. आजीला गणवेशातला फोटो हवा असतो, बाईंना सहलीच्या यादीसाठी आईचा नंबर हवा असतो आणि तो दिला नाही तर गुण जातो.

एक निरोप असा आहे: "मी मामा बोलतोय. माझा फोन पाण्यात पडला, हा मित्राचा नंबर आहे. आईच्या फोनवर सहा आकडे आले असतील, ते लगेच सांग. आईला सांगू नकोस, तिला सरप्राइज द्यायचंय." या पत्त्यावर सातवीची मुलंसुद्धा अडकतात. वर्ग मोजतोय, बारा, अकरा, दहा, आणि मुलाचा हात ओटीपीच्या पत्त्याकडे जातो. डाव थांबवून विचारलं की उत्तर बहुतेकदा एकच येतं, "मामा आहे ना." मग निरोप पुन्हा वाचायला लावायचा आणि मुलांनाच विचारायचं की यातल्या कुठल्या शब्दानं तुला पळवलं. 'लगेच' सापडतं. 'आईला सांगू नकोस' सापडतं. नवा नंबर सापडायला थोडा वेळ लागतो. मामा खरा की खोटा हे त्या मुलाला खुर्चीवर बसून कळणारच नाही आणि ते ओळखण्याची जबाबदारी आम्ही त्याच्यावर टाकतही नाही. त्यानं उठायचं, दहा पावलं चालायचं आणि घराला विचारायचं. घर वही उघडतं, मामाचा नेहमीचा नंबर त्यात असतो.

पण मुलं उठतच नव्हती. पहिल्या नियमात घराकडे जाणाऱ्याची पुढची पाळी जायची, म्हणून असेल असं वाटलं. ती अट काढली, तरी फारसा फरक पडला नाही. शेवटी वन्संनी एका मुलाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "विचारलं की मोबाईल काढून घेतात."

ही गोष्ट आमच्या खेळात नव्हती, म्हणून ती आणली. घराच्या हातात उत्तरांचे पत्ते दिले आणि घर त्यातला वरचा उचलून वाचतं. "बरं झालं सांगितलंस, बघू या." "आत्ता नको, काम चालू आहे." "मोबाईल दे इकडे!" शेवटचा पत्ता आला की त्या मुलाचे चारही पत्ते एका फेरीसाठी जप्त. तो नियम पहिल्यांदा खेळवला तेव्हा मी स्वतः वर्गात बसले होते. दुसऱ्याच फेरीत 'मोबाईल दे इकडे' निघाला. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांत एकही मूल जागचं हललं नाही, आणि त्या तीनपैकी दोन निरोप फसवे होते.

तेव्हापासून पालकांच्या डावाशिवाय आम्ही शाळेला संच विकत नाही. त्या डावात मुलं घर होतात आणि पालक मुलं. एका वडिलांनी ओटीपीचा पत्ता हातात धरून घराकडे बघितलं. घर म्हणून त्यांचीच मुलगी बसली होती. ते उठले नाहीत. नंतर म्हणाले, "ही ओरडेल असं वाटलं." हसत म्हणाले खरे, पण मग बराच वेळ गप्प बसले होते.

दुसरा प्रकार नाट्याचा. ऑनलाइन ओळख वाढवून मुलाला जाळ्यात ओढणाऱ्या माणसाचा. हा मात्र फक्त प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकानंच खेळवायचा. अनोळखी माणसाची भूमिका कधीच मुलाला द्यायची नाही, ती बाईंनी किंवा सरांनी खांद्यावर उपरणं टाकून करायची आणि भूमिका संपली की उपरणं सगळ्यांसमोर काढून घडी घालायची. आमच्या पहिल्या प्रयोगात मुलांनाच चिडवणाऱ्याची भूमिका दिली होती. त्यातला एकजण सुट्टीतही तीच वाक्यं त्याच मुलाला म्हणत राहिला. ते नाट्य आम्ही संचातून काढून टाकलं.

अनोळखी माणसाच्या नाट्यात पाच चिठ्ठ्या क्रमानं वाचतात. 'आपण एकच गेम खेळतो.' 'तुला भेट पाठवू?' 'तू बाकीच्यांपेक्षा समजूतदार आहेस.' 'दुसऱ्या ॲपवर बोलू, इथे सगळे बघतात.' 'एक फोटो पाठव, कुणाला सांगू नकोस.' वर्गातलं कुठलंही मूल कधीही 'थांबा'चा पत्ता वर करू शकतं. बहुतेक वर्गांत तो चौथ्या चिठ्ठीला वर जातो. मग आम्ही विचारतो, तिसरीला का नाही? स्तुती सगळ्यांना आवडते, हे मुलं फार प्रामाणिकपणे कबूल करतात.

खेळानंतर एखादं मूल स्वतःचं काही सांगू लागलं तर शिक्षकानं काय करायचं, हे आम्ही संचातल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं आहे. खेळ तिथेच थांबवायचा, मुलाला एकट्याला शांतपणे ऐकायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, वर्गासमोर तर अजिबात नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. लैंगिक गुन्ह्याची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पत्ते इतपतच नेतात, पुढचं काम माणसांचं.

छापील वस्तूला शिळेपणाचा धोका असतो. पहिल्या संचात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर १५५२६० छापला होता. २०२२ मध्ये तो १९३० झाला आणि आम्ही उरलेल्या संचांवर हातानं चिकटपट्ट्या लावल्या, विकलेल्या शाळांना पोस्टानं पाठवल्या. तक्रारीची जागा cybercrime.gov.in तीच राहिली. नंतर 'पैसे मिळतायत, विनंती स्वीकारा आणि पिन टाका' असा एक निरोप घातला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसरीकडे पैशांची विनंती पाठवायची सोयच बंद झाली, तेव्हा तो पत्ता काढला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं वाक्य घराच्या वहीत ठेवलं. आता निरोपांचे वीस पत्ते वेगळ्या कागदावर असतात आणि दरवर्षी जूनमध्ये तेवढाच कागद नवा छापून जुन्या शाळांना फक्त कागद-छपाईच्या खर्चात देतो.

लग्नसराईत मशीन मोकळं नसतं, म्हणून हे काम पावसाळ्यात. दीरांनी यंदा नव्या कागदाची प्लेट लावली आहे. त्यात वन्संच्या सांगण्यावरून घराच्या उत्तरांत एक पत्ता वाढवला: "मलाही असाच फोन आला होता." वर्गात तो निघाल्यावर पुढच्या फेरीत किती मुलं उठतात, ते मोजायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.