बस थांब्यावर पोचलीच नाही

आज नववीच्या पोरांना पंधरा मिनिटांत बदलाचा दर सांगायचा होता, म्हटलं बसच घेऊ. दोन तासांत ६० किमी म्हणजे सरासरी ३०, हे सगळ्यांना येतं, पण स्पीडोमीटरचा काटा कधी ५० वर असतो कधी शून्यावर, तो दाखवतो तो त्या क्षणाचा वेग, सरासरी नाही. इथपर्यंत ठीक होतं.

मग म्हटलं, थांबा १०० मीटरवर आहे आणि ड्रायव्हर असा हळू करतोय की वेग कायम उरलेल्या अंतराच्या एक दशांश, म्हणजे आत्ता सेकंदाला १० मीटर. फळ्यावर लिहिलं: dx/dt = −0.1x. x म्हणजे उरलेलं अंतर, dx/dt म्हणजे ते त्या क्षणी किती वेगाने बदलतंय, आणि वजा कशाला तर ते कमी होतंय. किती वेळात पोचेल? सगळे एका सुरात, दहा सेकंद! अरे पण वेग १० राहतोय कुठे, ५० मीटर उरले की तो ५ च होणार ना.

साधारण ७ सेकंदांत अंतर निम्मं होतं, पुढच्या ७ मध्ये २५, मग साडेबारा... मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर मग बस पोचणारच नाही की! बरोबर आहे, या समीकरणात नाहीच पोचत. खरा ड्रायव्हर शेवटच्या दोन-चार मीटरला सरळ ब्रेक दाबतो, तिथे आपलं समीकरण संपतं. हे मी शेवटी सांगणार होतो, तिनेच आधी काढलं 😄