कॉलरच्या कडेवरचा पांढरा धागा: फोटोतून इअरफोनची वायर काढताना

फोटो साधाच होता. फिकट निळा शर्ट, कानांतून खाली आलेली इअरफोनची पांढरी वायर, आणि कॉलरच्या खालून निघून छातीवर लोंबणारी ओळखपत्राची लाल पट्टी. काम फोटोशॉपमध्ये. गळ्यावरची वायर हीलिंग ब्रशने पाच मिनिटांत गेली. शर्टाच्या सपाट भागावरची क्लोन स्टॅम्पने गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उरली ती वायर कॉलरची कड ओलांडते ती जागा, जेमतेम तीस पिक्सेलची. बाकी सगळ्या कामाला लागला नाही एवढा वेळ तिने खाल्ला.

आधी चूक सांगतो, कारण ती बहुतेकांची होते. हीलिंग ब्रश कडेवरून फिरवला की तिथे मळकट डाग उमटतो. हा ब्रश पोत आपण दाखवलेल्या जागेवरून उचलतो, पण रंग आणि उजेड मात्र आजूबाजूच्या पिक्सेलशी जुळवून घेतो. एका बाजूला त्वचा आणि दुसऱ्या बाजूला निळं कापड असलं की तो दोन्ही एकमेकांत कालवतो. त्यामुळे कॉलर तिथे घामाने मळल्यासारखी दिसते. ब्रश लहान केला तर डाग लहान होतो, जात नाही.

म्हणून कड पेन टूलने आखून घेतली. इथे एक गोष्ट मला उशिरा कळली: वायरच्या खाली बिंदू टाकायचाच नाही. तिथे कड दिसत नाही, म्हणजे आपण अंदाजाने टाकतो आणि कॉलरला हमखास बाक किंवा टेंगूळ येतं. वायर दहा पिक्सेल रुंद असेल तर दोन्ही बाजूंना तीस-चाळीस पिक्सेल लांब, जिथे कड स्वच्छ दिसते, तिथे एकेक बिंदू ठेवायचा. मग हँडल असे ओढायचे की रेषा दोन्हीकडच्या शाबूत कडेवर तंतोतंत बसेल. मधला भाग आपोआप बरोबर येतो. पाथला लगेच नाव द्या. `Work Path` तसाच ठेवून नंतर दुसरा पाथ काढायला घेतला की पहिला पुसला जातो आणि सगळं पुन्हा.

पाथवरून सिलेक्शन केलं, `Feather` 1 पिक्सेल ठेवलं. रिकाम्या लेयरवर आत कॉलर भरली, सिलेक्शन उलटं करून बाहेर त्वचा भरली. पद्धत पुस्तकी, तरीही कडेवर वायरच्या जागी एक फिकट पांढरा धागा उरलाच. पुन्हा भरला, पुन्हा उरला. ब्रश बदलला, हार्डनेस बदलला, धागा जागचा हलेना. फेदर शून्य केलं तेव्हा तो गेला, पण कॉलर तेवढ्याच जागी कात्रीने कापल्यासारखी दिसू लागली, कारण फोटोतली खरी कड दोन-तीन पिक्सेलमध्ये हळूहळू बदलत होती.

त्या धाग्यामागे साधं गणित आहे. फेदर असलेल्या सिलेक्शनच्या रेषेवर रंग निम्माच बसतो. कॉलर भरली तेव्हा कडेवरची वायर 50 टक्के झाकली गेली. मग उलट बाजूने त्वचा भरली, तिने उरलेल्या निम्म्यातलं निम्मं झाकलं. झाले 75 टक्के. राहिलेली 25 टक्के वायर अजून खालून दिसतेच, आणि वायर पांढरीशुभ्र असेल तर तेवढीही डोळ्यांत भरते.

उपाय असा, की दोन्ही बाजू कडेवर भेटवायच्याच नाहीत. प्रत्यक्षात त्वचा कॉलरच्या मागे असते, तर लेयरमध्येही ती मागेच ठेवायची. खालच्या लेयरवर, सिलेक्शन न घेता, गळ्याचा रंग कड ओलांडून कॉलरच्या आत दहा-बारा पिक्सेलपर्यंत ओढला. हा ओढलेला भाग पुढे झाकला जाणार, त्यामुळे त्याला पोत नसला तरी चालतो. साध्या ब्रशने कडेलगतच्या सावलीचा रंग `Alt` दाबून उचलला आणि फासला. मात्र इथे हीलिंग ब्रश नको, तो पुन्हा निळा रंग ओढून घेईल. आता वायर तिथे पूर्ण झाकली गेली. मग वरच्या नव्या लेयरवर पाथचं सिलेक्शन, फेदर 1, आणि क्लोन स्टॅम्पने फक्त कॉलर. कडेवर निम्मं कापड आणि त्याखाली निम्मी त्वचा, खऱ्या कडेवर असतं तसंच. धागा गेला.

फेदर किती हे आकड्याने ठरवू नका. 300 टक्के झूम करून शेजारची शाबूत कड पाहा, ती किती पिक्सेलमध्ये बदलते ते मोजा आणि त्याला जुळेल तेवढंच द्या. फोकस गळ्याऐवजी डोळ्यांवर असेल तर कॉलर जास्त मऊ असते आणि 1 कमी पडतो.

कॉलरच्या आत कडेला समांतर शिलाई असते, ती राहूनच जाते. नमुना घेताना `Alt` शिलाईच्या रेषेवर दाबायचं आणि पहिला ठिपकाही शिलाईच्या रेषेवरच टाकायचा, म्हणजे टाके सलग जुळतात. कॉलर वळत असेल तर दोन ठिकाणच्या रेषांच्या कोनात तीन-चार अंशांचा फरक पडतो. तो क्लोन सोर्सच्या पॅनेलमध्ये फिरवून घ्या, नाहीतर शिलाई पायरीसारखी तुटते. समोरच्या बाजूची कॉलर उलटी करून इथे चिकटवण्याचा मोह होतो. उजेड एका बाजूने असेल तर ती लगेच उघडी पडते.

हे आधी सांगायला हवं होतं: वायर पुसण्याआधी तिची सावली शोधा. उजेडाच्या विरुद्ध बाजूला, वायरपासून जराशी सुटून, एक अंधूक रेघ असते. वायर गेली आणि ती उरली तर गळ्यावर ओरखडा दिसतो. पण कॉलरची स्वतःची सावली गळ्यावर असते, ती ठेवायची. ती पुसली की कॉलर कागदाची चिकटवल्यासारखी दिसते.

पट्टी रुंद होती, पण तुलनेने सोपी गेली, फक्त दोन गोष्टी मागे ठेवून. एक, लाल पट्टीची झाक शेजारच्या निळ्या कापडावर पडली होती. त्यासाठी `Color` मोडचा रिकामा लेयर घेऊन शर्टाचाच निळा रंग 20-30 टक्क्यांनी हलका फिरवला. दुसरी, पट्टीच्या ओझ्याने कापडाला पडलेल्या चुण्या. पट्टी नसताना त्या कशाने पडल्या हे कळत नाही. मी फक्त सर्वांत ठळक दोन मऊ केल्या. सगळ्या काढल्या तर शर्ट प्लास्टिकचा वाटतो. पट्टीने कॉलर मागून उचलली असेल तर तो फुगवटा मी तसाच सोडतो.

इअरफोनचं बोंडूक कानातच असेल तर फक्त वायर काढून उपयोग नाही, आणि त्यामागचा कान रंगवून कधी खरा वाटत नाही. त्याच बैठकीतला, कान मोकळा असलेला दुसरा फोटो मिळतो का ते आधी विचारा.

देण्याआधी सर्वांत वर `Curves`चा लेयर टाकून रेषा दोन-तीनदा खालीवर नागमोडी करा. फोटो भयानक दिसतो, पण उरलेली सावली, डाग, कडेवरचा धागा, सगळं रंग बदलून समोर येतं. माझा धागा मला असाच दिसला, तोही फाइल एकदा ‘कॉलर मळकी का?’ असं विचारून परत आल्यावर. तपासून झालं की तो लेयर काढायला विसरू नका.