पंचवीस घरांचा तक्ता

सहा शाखांच्या अधिकाऱ्यांना मी कोरा तक्ता पाठवला होता. ४० जोखमी आणि प्रत्येकीपुढे दोन रकाने: घडण्याची शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५. आठवड्याने तक्ते परत आले तेव्हा निम्म्याहून जास्त रकान्यांत एकच आकडा होता, ३. दोन्ही आकड्यांच्या गुणाकारावरून पाच बाय पाचच्या तक्त्यातल्या घराचा रंग ठरायचा: लहान हिरवा, मधला पिवळा, मोठा लाल. तीन त्रिक नऊ, म्हणजे सगळीकडे पिवळा रंग. कुणालाच आपल्या शाखेत लाल दाखवायचा नव्हता, आणि हिरवा दाखवून उद्या अंगलट आला तर, हीही भीती होतीच.

आमची छोटी नागरी सहकारी बँक. कर्ज विभागात सतरा वर्षं काढल्यावर जोखमीचं काम माझ्याकडे आलं, आणि जोखीम नोंदवही नव्याने करायची हे पहिलंच काम. जुनी नोंदवही होती, पण तिच्यात 'शक्यता मध्यम, परिणाम गंभीर' असे शब्द होते. मध्यम म्हणजे किती, हे मी दोन शाखाधिकाऱ्यांना विचारलं. एकाने सांगितलं, "वर्षातून एखाद वेळी." दुसरा म्हणाला, "माझ्या नोकरीत एकदा." दोघांनीही ३ च लिहिला होता.

म्हणून आधी शब्द काढून टाकले. शक्यतेचा १ म्हणजे २५ वर्षांत जेमतेम एकदा, २ म्हणजे ५ ते २५ वर्षांत एकदा, ३ म्हणजे १ ते ५ वर्षांत एकदा, ४ म्हणजे वर्षातून काही वेळा, ५ म्हणजे जवळपास दरमहा. परिणामाची पट्टी ठरवायला आमच्या हिशेबनिसांकडे गेले आणि दोनच प्रश्न विचारले. एका वर्षात किती नुकसान झालं तर लाभांश कमी करावा लागेल? आणि किती झालं तर भांडवल नियमाने लागतं त्याच्या खाली जाईल? त्यांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि उत्तरं दिली: साधारण ५० लाख आणि ५ कोटी. मग पट्टी आपोआप बसली. ५० हजारांपर्यंत १, ५ लाखांपर्यंत २, ५० लाखांपर्यंत ३, ५ कोटींपर्यंत ४ आणि त्यापुढे ५. दुसऱ्या बँकेची पट्टी आणून लावली असती तर हे जमलं नसतं; तिचे पाच कोटी आणि आमचे पाच कोटी सारखे नाहीत.

खरा गोंधळ सोनेतारण कर्जावर झाला. नोंदवहीत 'खोटं सोनं तारण ठेवणं' अशी एकच ओळ होती. मागच्या दहा वर्षांच्या फायली काढल्या तर सहा शाखांत मिळून तीन प्रकरणं सापडली, प्रत्येकी सरासरी सात लाखांच्या आसपास. म्हणजे शक्यता ३, परिणाम ३, गुणाकार ९. पण तीनही प्रकरणांत ग्राहकाने फसवलं होतं. सगळ्या शाखांचं सोनं पारखणारा मूल्यांकनकार मात्र एकच, चौदा वर्षं तोच. उद्या त्याचंच मन फिरलं तर? तो धरला जाईपर्यंत तारण सोन्याची साठेक पाकिटं सहज जातील, दीड लाखाचं एक धरलं तरी ९० लाख. असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही, म्हणून शक्यता २. परिणाम ४. गुणाकार ८.

तक्ता सांगत होता की मूल्यांकनकार फिरण्याची जोखीम ग्राहकाच्या फसवणुकीपेक्षा लहान आहे. मी कागदावर वर्षाचा सरासरी फटका काढून पाहिला. दहा वर्षांत तीन वेळा सात लाख, म्हणजे वर्षाला साधारण २ लाख. शक्यता २ साठी बारा वर्षांत एकदा असं धरलं, तर ९० लाख म्हणजे वर्षाला साडेसात लाख. क्रम चक्क उलटा! कारण १ ते ५ हे आकडे नुसते क्रमांक आहेत. शर्यतीतला चौथा दुसऱ्याच्या दुप्पट हळू नसतो, तसंच परिणामाचा ४ हा ३ पेक्षा थोडासा मोठा नसून आमच्या पट्टीत दहापट मोठा आहे. क्रमांकांना गुणून आलेल्या संख्येवर विश्वास ठेवायचा कसा? शिवाय २५ घरांत वेगवेगळे गुणाकार फक्त १४ येतात, त्यामुळे १ × ५ आणि ५ × १ एकाच रंगात जातात. पहिल्यात एटीएम स्विचवरचा, म्हणजे एटीएमचे व्यवहार बँकेशी जोडणाऱ्या यंत्रणेवरचा सायबर हल्ला असू शकतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेला ऑगस्ट २०१८ मध्ये अशाच हल्ल्यात सुमारे ९४ कोटींचा फटका बसला होता. दुसऱ्यात काउंटरवर महिन्यातून दोनदा येणारी पाचशे रुपयांची तूट.

तेव्हा मी घरांतले गुणाकार खोडले आणि प्रत्येक घराला हाताने रंग दिला. हिरवं म्हणजे शाखेने सांभाळावं. पिवळं म्हणजे मुख्य कार्यालयाने तारीख घालून उपाय करावा. लाल म्हणजे संचालक मंडळाने ठरवावं. परिणाम ५ असलेलं एकही घर हिरवं नाही, शक्यता कितीही कमी असो. परिणाम ४ ला शक्यता १ असेल तरच हिरवा, २ पासून थेट लाल. रंगांमधली रेषा तिरकी न जाता पायऱ्यांसारखी उतरली.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष आधी म्हणाले, "मॅडम, आपल्याला जोखीम नकोच. तेवढं लिहा." मी म्हटलं, "मग साहेब, कर्जवाटप बंद करावं लागेल." हशा झाला, पण त्यानंतर बोलणं वळणावर आलं. किती नुकसान आपण कुरकुर न करता सोसू, याला रिस्क अ‍ॅपेटाइट म्हणतात आणि ते प्रत्येक प्रकारात वेगळं असतं, हे त्यांना पटलं. छोट्या व्यापाऱ्यांच्या कर्जात जास्त सोसायची तयारी, कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत शून्य. मग एका संचालकांचं बोट सोनेतारणावर गेलं. "जुन्या हिशेबाने इथे आठ होते, तिथे नऊ. आठ लाल आणि नऊ पिवळा? हिशेब चुकलाय." ते स्वतः किराणा दुकानदार. मी त्यांना दोन लाख आणि साडेसात लाखांचा कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

लाल घरांत एकूण ११ जोखमी निघाल्या. "रेषा जरा वर सरकवा, पाच-सहाच राहतील," अशी सूचना आलीच. मला वाटतं, इथेच बहुतेक नोंदवह्या मरतात. मी रेषा हलवली नाही. पर्याय एवढाच ठेवला की जी जोखीम कमी करायची नाही ती ठराव करून, नाव आणि फेरतपासणीची तारीख लिहून स्वीकारा. चार जोखमी तशा स्वीकारल्या गेल्या. सहीची वेळ आल्यावर पाचवीबाबत मात्र एका संचालकांनी विचार बदलला.

मूल्यांकनकारासाठी उपाय ठरला: बाहेरच्या सराफाने दरमहा प्रत्येक शाखेतली दहा पाकिटं अचानक उघडून तपासायची. इथे एक बारकावा मी जवळजवळ विसरले होते. या तपासणीने माणूस फिरण्याची शक्यता फारशी बदलत नाही. तो लवकर सापडतो, इतकंच. म्हणून शक्यता २ च ठेवली, परिणाम ४ वरून ३ वर येणार. एका शाखेने तर तपासणी सुरू व्हायच्या आधीच ३ लिहून टाकला होता. तो मी परत ४ केला.

पहिली तपासणी मागच्या महिन्यात झाली. दहा पाकिटांना दोन तास लागले. आमचे मूल्यांकनकार काका बाजूला उभे होते, चहालाही हात लावला नाही. दहाही पाकिटं चोख निघाली. नोंदवहीत अजून ४ च आहे. तीन महिन्यांच्या तपासण्या झाल्याशिवाय तो आकडा मी बदलणार नाही, आणि हे काकांना कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.