खरे आटे, खोटे आटे

अंबडच्या एका शॉपमधून सकाळीच व्हीएमसी ऑपरेटर मामांचा फोन आला. "साहेब, सीएएममध्ये भोकंच धरता येईनात. आणि मोजलं तर 4.917 दाखवतंय. हे ड्रिल आणू कुठून?"

काम ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डचं होतं, M6 ची बरीच बंद भोकं असलेलं. आमच्याकडच्या नव्या मुलाने थ्रीडी मॉडेलमध्ये प्रत्येक भोकात आटे खरेखुरे कोरले होते. पडद्यावर सुरेख दिसत होते, यात वाद नाही. पण हेलिक्सने कापलेल्या भिंतीत सॉफ्टवेअरला सरळ सिलिंडर सापडत नाही. 4.917 हा M6 च्या आतल्या आट्याचा मूळ लहान व्यास; 6H या टॉलरन्समध्ये तो 5.153 पर्यंत चालतो, म्हणून शॉपमध्ये सरळ 5 चं ड्रिल लावतात. आटे टॅप पाडतो. मशीनला फक्त जागा, खोली आणि पिच हवा.

खरा धोका वेगळाच होता. मुलाने आटे भोकाच्या तळापर्यंत नेले होते, 15 मिमी भोक, 15 मिमी आटे. टॅपच्या टोकाचे दाते निमुळते असतात, तळाशी पूर्ण आटा निघतच नाही. मामांनी तसंच दामटलं असतं तर टॅप आतच तुटला असता.

मी मॉडेलमधले आटे काढले, 5 चं भोक ठेवलं आणि त्यावर कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आट्यांची नुसती खूण, लावला: आटे 12, भोक 18. खाली भिंत पुरेशी होती. फाइल हलकी झाली ती वेगळीच. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी काढलेल्या STEP फाइलमध्ये कॉस्मेटिक थ्रेड बहुधा जात नाही, समोरच्याला साधं 5 चं भोक दिसतं. म्हणून ‘M6×1 - 6H’ लिहिलेलं ड्रॉइंग सोबत पाठवलं.

गंमत म्हणजे त्याच कामात एका ठिकाणी खरे आटे लागतच होते. M20×1.5 च्या पोर्टात वाहतुकीत कचरा जाऊ नये म्हणून थ्रीडी प्रिंटरवर बूच काढायचं होतं. प्रिंटरला टॅप नाही, डाय नाही. मॉडेलमध्ये जे आहे तेच तो छापणार. मुलाचं पहिलं बूच एक फेराही आत जाईना. त्याने प्रमाण मापाचा आटा काढला होता. तिथे मोकळीक शून्य. बाहेरच्या आट्यांच्या 6g टॉलरन्सचा फरक घेतला तरी तो 0.032 मिमीपासून सुरू होतो, आणि आमचे थर 0.2 मिमीचे.

त्याला आट्याचे सगळे पृष्ठभाग 0.15 मिमी आत ढकलायला सांगितले आणि बूच उभंच छापायला लावलं. दुसरं बूच हाताने बसलं, जरा खरखरत. त्याच मापाची पेटीभर बुचं छापायला लावली.